नुसताच आलेला मांजराचा फोटो आणि त्याला द्यायचं दोन ओळींचं उत्तर

फोटो येतो. खाली ओळ नाही, प्रश्न नाही. सोफ्याच्या पाठीवर आडवं पडलेलं मांजर, नाहीतर खिडकीच्या गजातून नाक बाहेर काढून बसलेला कुत्रा. पाठवणाऱ्याला काही विचारायचं नसतं, सल्लाही नको असतो. त्याच्यासमोर आत्ता एक गंमत घडली आणि ती दाखवायला शेजारी कोणी नव्हतं, एवढंच. तुम्ही त्या खोलीत असता तर त्याने कोपराने ढोसून "बघ, बघ" म्हटलं असतं. तुम्ही नाही, म्हणून फोटो आला.

त्या "बघ, बघ"चं उत्तर "पाहिलं" एवढंच असतं. पण नुसतं "पाहिलं" लिहून भागत नाही आणि "किती गोड!" लिहूनही भागत नाही, कारण "किती गोड" हे फोटो न उघडताही लिहिता येतं आणि हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक असतं. हाच फोटो नीट पाहिलेल्या माणसालाच सुचेल अशी एक गोष्ट उत्तरात आली पाहिजे. ती कशी शोधायची आणि कशी मांडायची, ते सांगतो.

आधी फोटो मोठा करा

चॅटमधल्या छोट्या चौकोनात प्राणी दिसतो, गंमत दिसत नाही. फोटो उघडा आणि दहा-पंधरा सेकंद बघा. आधी प्राणी बघा: डोळे, कान, शेपूट, पंजे. मग तो कशावर बसलाय ते बघा. शेवटी फोटोच्या कडा बघा. कडेला पडलेलं एकच पायमोजं, अर्धवट उघडा ड्रॉवर, मागे तोंड वळवून बसलेलं दुसरं मांजर. गंमत पुष्कळदा तिथेच असते.

बघताना स्वतःला विचारायचं: नेमकं काय पाहून याने फोन उचलला असेल? घरातला प्राणी रोजच समोर असतो, त्याचा रोज फोटो निघत नाही. आज निघाला म्हणजे काहीतरी जमून आलंय. बहुतेक वेळा ती एक विसंगती असते. गुबगुबीत गादी रिकामी आहे आणि मांजर त्या गादीच्या खोक्यात बसलंय. धिप्पाड कुत्रा इवल्याशा टोपलीत स्वतःला कोंबून झोपलाय आणि अर्धा बाहेर सांडलाय. परवापर्यंत एकमेकांवर फिस्कारणारी दोन मांजरं आज पाठीला पाठ लावून पडली आहेत. ही विसंगती सापडली की अर्धं काम झालं. तुम्ही तिच्यावर बोट ठेवलंत की समोरच्याला कळतं की जे दाखवायचं होतं ते पोहोचलं.

कधी कधी विसंगती नसतेच. प्राणी नुसता छान दिसत असतो, प्रकाश चांगला पडलेला असतो. मग अंगावरचा एखादा बारकावा उचला. पट्टेवाल्या मांजरांच्या कपाळावर इंग्रजी एम अक्षरासारखी खूण असते. एखाद्याच्या तीन पंजांना पांढरे मोजे असतात आणि चौथ्याला नसतो. काळ्या कुत्र्याच्या हनुवटीवर नुकतेच पांढरे केस डोकवायला लागलेले असतात (हे शेवटचं मात्र सांभाळून, वय वाढल्याची आठवण सगळ्यांनाच आवडत नाही). "चौथा मोजा धुवायला टाकलाय वाटतं" ही ओळ "सुंदर मांजर" या दोन शब्दांपेक्षा कितीतरी जास्त पाहून लिहिलेली आहे.

चेहरा वाचताना फसू नका

इथे थोडं थांबतो, कारण आनंदाच्या भरात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. प्राण्याच्या चेहऱ्यावर आपण माणसाचा चेहरा चिकटवतो. त्याच्यासोबत राहणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं, त्यामुळे आपलं कौतुक त्याच्या कानाला खटकतं.

उघड्या तोंडाचा, जीभ बाहेर काढलेला कुत्रा आपल्याला हसताना दिसतो. तो खेळून दमलेला आणि खुशीत असू शकतो, पण नुसता उकाड्याने किंवा घाबरून धापाही टाकत असू शकतो. फरक बाकीच्या अंगात दिसतो. अंग सैल, डोळे मऊ, कान नेहमीच्या जागी असतील तर "काय खुशीत आहे" म्हणायला हरकत नाही. कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाखाली, तोंड एकीकडे वळलेलं आणि डोळ्याच्या कडेला पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसत असेल, तर तो कुत्रा अवघडलेला आहे. कोणी मिठी मारून काढलेल्या फोटोंत हे बरेचदा दिसतं. अशा वेळी "किती एन्जॉय करतोय" लिहू नका. फोटोत कौतुक करण्यासारखं दुसरं काहीतरी असतंच, ते शोधा.

दुसरा सापळा अपराधी चेहऱ्याचा. उशी फाडलेली, कापूस खोलीभर, आणि मधोमध मान खाली घालून बसलेला कुत्रा. आपण लगेच लिहितो, "बघ, चूक कळलीये त्याला!" अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असं दिसलं की हा चेहरा कुत्र्याने खरंच चूक केली होती की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावला की दिसत होता. म्हणजे तो पश्चात्ताप नसून "आता ओरडा बसणार" याची तयारी असावी. उत्तर देताना हे व्याख्यान अर्थातच झाडायचं नाही. पण ते माहीत असलं की आपण कुत्र्याच्या मनात शिरण्याऐवजी दृश्यावर बोलतो: "उशीच्या आत एवढा कापूस असतो हे आज कळलं." हे जास्त मजेशीरही आहे.

मांजराचं वाचन वेगळं. पंजे पोटाखाली दुमडून, मुटकुळं करून बसलेलं मांजर बहुधा निवांत असतं. सरळ उभी शेपूट म्हणजे ओळखीचा, मैत्रीचा नमस्कार. अर्धमिटले, झोपाळू डोळे हे स्वस्थपणाचं लक्षण. मांजर आपल्याकडे बघून सावकाश डोळे मिटतं तेव्हा ते मित्रत्वाचं असतं, आणि माणसाने तसेच डोळे मिटले तर मांजरंही उलट तसं करण्याची शक्यता वाढते, असं ब्रिटनमधल्या 2020 च्या एका अभ्यासात आढळलं. त्यामुळे अशा फोटोला "झोप आलीये बिचारीला" यापेक्षा "काय प्रेमाने बघतेय तुझ्याकडे" हे जास्त बरोबर बसतं. फोटो काढणाऱ्याकडे पाहूनच ते डोळे मिटलेले असतात, आणि हे कोणीतरी ओळखलं की तो माणूस दिवसभर खूश असतो. पोट वर करून पडलेलं मांजर मात्र "पोट खाजवा" म्हणतंय असं समजू नका. ते विश्वासाने पडलंय, एवढाच अर्थ. मांजर पाळणारे सगळे ओरखडे खाऊन हे शिकलेले असतात, म्हणून "तो पोटाचा सापळा आहे, मी हात लावणार नाही" ही ओळ त्यांच्यात हमखास चालते.

सशाचा एक किस्सा सांगायलाच हवा. एका मैत्रिणीने सशाचा फोटो पाठवला: कुशीवर आडवा, पाय लांब, डोळे अर्धवट. मी घाबरून लिहिलं, "काय झालं याला?" काहीच झालं नव्हतं. ससा अगदी निर्धास्त असला की असा धाडकन कुशीवर पडतो आणि नवख्या माणसाला तो गेला की काय असंच वाटतं. तिने मोठ्या कौतुकाने पाठवलेला फोटो, त्यावर मी तिला खुलासा करायला लावला. तेव्हापासून अनोळखी प्राण्याचा फोटो आला की मी पाठवणाऱ्याच्या सुरावर चालतो. तो निवांत असेल तर प्राणीही निवांत आहे असं धरायचं.

आणि हो, रात्रीच्या फोटोत डोळे हिरवे-पिवळे चमकत असतील तर त्यात काही वावगं नाही. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांच्या मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा एक थर असतो. "दोन टॉर्च लावून बसलाय" म्हणा आणि पुढे चला.

तो, ती की ते?

ही अडचण मराठीत लिहिणाऱ्याला हटकून येते. आपलं क्रियापद लिंग सांगितल्याशिवाय हलत नाही. "दिसतोय" लिहिलं आणि ती निघाली, की पुढचं उत्तर दुरुस्तीचंच येतं: "तो नाही, ती आहे." मग तुम्ही "अरेच्चा, सॉरी" म्हणता आणि फोटोची मजा बाजूलाच राहते.

आधी जुने मेसेज चाळा. "काल रात्रभर जागवलंन तिने" असं कुठेतरी सापडतं. न सापडल्यास रंगाकडे बघा. केशरी, काळा आणि पांढरा असे तीन रंग एकाच मांजराच्या अंगावर असतील तर ती जवळजवळ नक्की भाटी. केशरी रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. केशरी आणि काळा दोन्ही एकत्र दिसायला सहसा दोन एक्स लागतात, आणि नरात तो एकच असतो. नुसतं केशरी मांजर बोका असण्याची शक्यता जास्त, पण त्यावर पैज लावू नका.

काहीच कळत नसेल तर भाषेतच पळवाटा आहेत. अवयवाबद्दल बोला: "काय ते कान!", "ही शेपटी म्हणजे झाडणी आहे नुसती." भूतकाळातलं सकर्मक वाक्य वापरा, तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं आणि प्राण्याचं लिंग झाकलं जातं: "जागा बरोबर शोधलीये", "सगळी उशी व्यापून टाकलीये." किंवा "स्वारी" म्हणा. स्वारी कोणाचीही असली तरी "निवांत पहुडलेली" असते. "पिल्लू" आणि "ध्यान" हेही असेच हाताशी ठेवण्याजोगे शब्द, "काय ध्यान आहे!" प्रेमाने म्हटलेलं सगळ्यांना कळतं, मात्र फार जवळच्या माणसालाच म्हणावं. वरिष्ठांनी फोटो पाठवला असेल तर "तुमची स्वारी अगदी ऐटीत बसली आहे" यात आदरही राहतो आणि गंमतही.

क्रियापदाचा आणखी एक उपयोग आहे. फोटोखाली चार शब्द असतील तर त्यांचा काळ तपासा. "इथेच झोपतो" आणि "इथेच झोपायचा" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. "झोपायचा" म्हणजे आता पिल्लू मोठं होऊन तिथे मावत नसेल, नाहीतर ते या जगात नसेल. कोणतं ते ठाऊक नसेल तर हास्याचे चेहरे ठोकू नका. त्याच काळात, त्याच सुरात लिहा: "काय हक्काने झोपायचा!" दोन्ही अर्थांना हे पुरतं, आणि सांगायचं असेल तर पुढचं समोरचा सांगतो.

आता लिहा, आणि लवकर थांबा

दोन ओळी पुरतात. पहिलीत तो बारकावा, दुसरीत तुम्हाला काय वाटलं ते. "डब्यात शिरायला जागा नव्हती तरी शिरलंच! मी एकटाच हसत बसलोय." इतकंच. पाच ओळींचं उत्तर आलं की समोरच्यालाही पाच ओळी लिहाव्या लागतात, आणि त्याने तर सहज फोटो टाकला होता.

प्रश्न विचारू नका, निदान शेवटी तरी नको. प्रश्नाने आस्था दिसते हे खरं, पण "कुठली जात?", "वय किती?", "काय खायला देतेस?" यांची उत्तरं देणं हे काम होतं. फोटो पाठवणाऱ्याला दाद हवी होती, त्याच्या वाट्याला फॉर्म भरणं आलं. ज्याला उत्तर द्यावंच लागत नाही असा लटका प्रश्न चालतो: "हिला कोणी सांगितलं की हा लॅपटॉप आहे, गादी नाही?"

आपल्या घरच्या प्राण्याचा फोटो लगेच उलट पाठवणं ही फार मोहाची गोष्ट आहे. मी स्वतः कैक वेळा केलंय. "आमचा पण असाच" म्हणून दुसरा फोटो गेला की पहिल्याचं कौतुक तिथेच संपतं. पाठवायचाच असेल तर आधी त्यांच्या फोटोला पुरती दाद द्या आणि आपला फोटो उद्यासाठी ठेवा. तसंच "जरा वजन वाढलंय का?" हे विनोदानेही नको.

उशीर झाला असेल तर कारणं लिहीत बसू नका. "माफ कर, मीटिंगमध्ये होतो, मग प्रवासात..." यात माफी फोटोपेक्षा लांब होते. दोन दिवसांनी सरळ लिहा, "हा खोक्यातला चेहरा परवापासून डोक्यातून जात नाहीये." उशीरच इथे दाद होऊन जातो. नुसता बदाम टाकणंही चूक नाही. रोज चार फोटो टाकणाऱ्या माणसाला रोज चार वाक्यं कोण लिहिणार? तिथे तीन बदाम आणि चौथ्याला एक खरी ओळ, हे प्रमाण बरं. क्वचित पाठवणाऱ्याला मात्र बदामावर बोळवू नका.

फोटोत काही खटकलं तर

सल्ला नको म्हटलं, पण एक अपवाद आहे: जिथे तासांचा हिशोब असतो. मांजराच्या शेजारी लिलीच्या फुलांची फुलदाणी दिसली तर कौतुक थांबवा. खऱ्या लिली आणि डे-लिली मांजरांना अतिशय विषारी असतात. पान, पाकळी, परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि लक्षणं दिसेपर्यंत थांबणं महागात पडतं. मांजर दोरा किंवा रिबन चघळताना दिसलं तरी तसंच, कारण गिळलेला दोरा आतड्यात अडकतो. अशा वेळी कौतुकात गुंडाळून सांगू नका. पहिलीच ओळ: "ती फुलं लिलीची दिसतायत, मांजराला विषारी असतात, आधी तिथून हलव. तोंड लावलं असेल तर आत्ताच डॉक्टरांना फोन कर."

बाकी सगळं, म्हणजे पट्टा घट्ट वाटतोय, नखं वाढलीत, बशी प्लॅस्टिकची आहे, हे या उत्तरात नको. सांगायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी, वेगळ्या बोलण्यात, आणि तेही नातं तेवढं असेल तर.

एक फोटो, चार मसुदे

मावसबहिणीने पाठवलेला फोटो. प्रवासाची बॅग उघडी, अर्धी भरलेली. घडी घातलेल्या कपड्यांवर पांढरं-राखाडी मांजर गाढ झोपलंय, एक पंजा बॅगेच्या कडेवरून बाहेर लोंबतोय. सोबत एक शब्दही नाही. हे मांजर तिने नुकतंच आणलेलं, तो की ती हे मला माहीत नव्हतं.

पहिलं मनात आलं, "खूप गोड!" हे खोडलं; कुठल्याही मांजराला लागू.

दुसरं, "अगं, कुठे निघालीस? याला कोण सांभाळणार?" हे तर दोन प्रश्न, शिवाय काळजीचे. ती मांजर दाखवत होती, मी तिच्या प्रवासाची चौकशी मांडली. वर "याला" लिहून लिंगही गृहीत धरलं.

तिसरं, "आमची मनी पण बॅग उघडली की आत!" खरं होतं, पण चर्चा मनीकडे वळली असती.

मग फोटो मोठा करून पाहिला. मांजर ज्यावर झोपलं होतं तो काळा स्वेटर होता. बॅगेत बाकी सगळे फिकट कपडे, आणि पांढऱ्या केसांच्या मांजराने नेमका एकुलता एक काळा कपडा निवडला होता. फोन याच्यासाठीच उचलला असणार. पाठवलेलं उत्तर असं:

"सगळी बॅग सोडून काळा स्वेटर बरोबर शोधून काढलाय! आणि तो बाहेर लोंबणारा पंजा म्हणजे 'मी पण येणार' अशी सहीच."

"शोधून काढलाय" हे स्वेटरच्या लिंगाने चाललं, मांजराचं लिंग मध्ये आलंच नाही. प्रश्न नाही, आमची मनी नाही. तिचं उत्तर दोन मिनिटांत आलं: "हो ना!! काळाच सापडतो हिला." म्हणजे ती. पाठोपाठ स्वेटरचा जवळून काढलेला फोटो, केसांनी भरलेला. या दुसऱ्या फोटोला मी पुन्हा वाक्य रचलं नाही, हसणारा चेहरा टाकला आणि थांबलो. पहिल्या उत्तराला दाद मिळाली की तोच विनोद ताणायची खोड असते. तो तिसऱ्या मेसेजला विटतो.

दोन दिवसांनी आणखी एक फोटो आला, यावेळीही शब्दाविना. बॅग बंद, चेन लावलेली, आणि वर बाईसाहेब बसलेल्या, चारही पंजे आत दुमडून. मी लिहिलं, "आता वजन करून बघ, सामान जास्त भरतंय."